चेहऱ्याला सगळं, हाताला उरलंसुरलं

खुर्ची ओढ, समोर बस. मोबाइल खाली ठेव. तुझ्या आजीची फाइल मी उघडून ठेवली आहे आणि आता जे बोलणार आहे ते तुला झोंबणार आहे. मध्ये बोलू नकोस, आधी ऐकून घे.

तुझं स्कल्प्ट चांगलं आहे. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या, हनुवटीखालची सैल कातडी, बोटांच्या पेरांवरची जाडी, हे सगळं तू नीट बघून केलंयस. म्हणून तर मला राग जास्त आला. एवढं कोरल्यावर यूव्हीचं काम तू अंगावरची झुरळं झटकावी तसं उरकून टाकलंस. या वर्गात यूव्ही म्हणजे मधलं कंटाळवाणं काम, असं समजणारा तू एकटा नाहीस. पण तुझ्या फिल्मचा अख्खा भार ज्या शॉटवर आहे, तोच शॉट त्याने बुडतोय.

तो शॉट आठव. नऊवारीतली आजी विचारात बसलीय, उजवा हात गालाला टेकलेला, कॅमेरा खांद्यांपासून वर. म्हणजे चेहऱ्याची कातडी आणि हाताची कातडी एकमेकींना चिकटून दिसणार. प्रेक्षकाने काही ठरवलं नाही तरी त्याचा डोळा दोन्हींची तुलना करणारच. तुझ्या रेंडरमध्ये गालावरची रंध्रं मोजता येतात आणि गालावर टेकलेली बोटं धुरकट दिसतात, त्यांच्यावर ना रेघ ना रंध्र. पालथ्या हातावरचं गोंदण तर फराटल्यासारखं झालंय. कालपासून तू लाइटिंग बदलून बघतोयस. लाइटिंगचा यात काही दोष नाही.

मी मोजून बघितलं. तुझी आजी साधारण दीडशे सेंटिमीटर उंचीची. तिचं डोकं आणि मान मिळून पृष्ठभाग होतो सुमारे १३५० चौरस सेंटिमीटर, दोन्ही हात मनगटापासून पुढे मिळून सुमारे ७५०. तुझ्या ४०९६च्या शीटवर डोक्याने निम्मी जागा खाल्लीय आणि दोन्ही हात कोपऱ्यात जेमतेम दोन टक्क्यांत कोंबलेत. आता हे गणित बघ:

```
टेक्सेल डेन्सिटी = 4096 × √(UV मधला वाटा ÷ पृष्ठभाग)

डोके : 4096 × √(0.50 ÷ 1350) ≈ 79 px/cm
हात  : 4096 × √(0.02 ÷ 750)  ≈ 21 px/cm
```

चेहऱ्याला सेंटिमीटरमागे ७९ पिक्सेल आणि हाताला २१. जवळजवळ चौपट फरक. गोंदणाची रेघ एक मिलिमीटर जाड धरली तर चेहऱ्याच्या हिशोबाने ती आठ पिक्सेलांत काढता आली असती, हाताच्या हिशोबाने तिला दोनच पिक्सेल मिळतात. दोन पिक्सेलांत वळणदार रेघ निघत नाही. ब्रश बदलून काय होणार होतं?

आणि चेहऱ्याला दिलेलं ते ऐश्वर्य तरी कामी आलं का? तुझी फ्रेम १०८० पिक्सेल उंचीची. या शॉटमध्ये बावीस सेंटिमीटरचं डोकं साधारण ८०० पिक्सेल व्यापतं, म्हणजे पडद्यावर सेंटिमीटरला ३६ पिक्सेल. टेक्स्चर त्याच्या खाली जाता कामा नये, थोडं वर असावं, एवढीच गरज. चेहरा ७९वर, म्हणजे निम्म्याहून अधिक पिक्सेल पडद्यावर पोचतच नाहीत. हात २१वर, म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी खाली. एकीकडे उधळपट्टी आणि दुसरीकडे उपासमार, तीही एकाच शीटवर. हा हिशोब स्कल्प्ट संपल्याबरोबर, पहिला सीम टाकण्याआधी करायचा असतो. तू तो केलाच नाहीस.

असं झालं कसं तेही मला दिसतंय. हात तू वेगळं ऑब्जेक्ट म्हणून केलेस, बोटं लांब हवीत म्हणून एकाच अक्षावर ताणलेस आणि Scale तसाच सोडून दिलास. अनरॅप करताना खालच्या पट्टीत सूचना आली असणार: `Object has non-uniform scale, unwrap will operate on a non-scaled version of the mesh`. ती वाचायची असते. त्यात स्वच्छ म्हटलंय की तुला दिसणारा ताणलेला हात मी उलगडत नाही, ताणण्याआधीचा उलगडतोय. म्हणून तुझ्या बोटांवरचे चेकरचे चौकोन लांबट झालेत. `Ctrl+A`, `Scale`, दोन कळा. मग हात शरीराला जोडायचे आणि त्यानंतर यूव्हीला हात लावायचा.

त्यावर कडी म्हणून हातांना तू Smart UV Project लावलंस. ते साधन भिंती, पेट्या, यंत्रांचे भाग यांच्यासाठी ठीक. पृष्ठभागाची दिशा ठराविक कोनापलीकडे वळली की ते कापतं. बोटाच्या गोलाईवर ते कुठे कापेल याचा त्याला पत्ता नाही, आणि तू बघितलंही नाहीस. एका हाताचे चाळीसेक तुकडे झालेत, एक सीम सरळ अंगठ्याच्या नखावरून गेलाय. मग उरलेल्या जागेत बसावेत म्हणून ते तुकडे तू हाताने लहान केलेस. डेन्सिटी मेली ती त्या क्षणी.

आता चेहरा. इथे तू नाकाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत सीम टाकलास आणि डावा-उजवा असे दोन अर्धे वेगळे ठेवलेस, कारण अर्धं मॉडेल करून मिरर केलं होतंस आणि तेच सोपं वाटलं. परिणाम तिच्या कपाळावर बघ. कुंकवाच्या गोलाची कड मध्यावर तुटलीय. दोन्ही अर्ध्यांच्या कडा शीटवर वेगवेगळ्या कोनात पडल्यात, म्हणून एका बाजूचे पिक्सेल एका तिरकेपणाने पायऱ्या पाडतात आणि दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या. रंग कितीही जुळवलास तरी त्या पायऱ्या जुळणार नाहीत. कपाळावर, नाकावर, ओठांवर, गालावर सीम असता कामा नये. चेहरा कानापासून कानापर्यंत एक आयलंड.

मग कापायचं कुठे? दोन्ही दिशांना वळलेला पृष्ठभाग ताण न पडता सपाट होत नाही, हे गाउसने १८२७मध्ये गणिताने सिद्ध करून ठेवलंय, त्यामुळे कापावं तर लागणारच. तुझ्या आजीत त्यासाठी सोयीच्या जागा भरपूर आहेत, तू त्यांच्याकडे बघितलं नाहीस एवढंच. मुख्य सीम मानेच्या मागून मध्यावरून वर न्यायचा आणि अंबाड्याखाली थांबवायचा. त्याच्या पुढे एक एजसुद्धा नाही, कारण तिने तेल लावून चापून केस बसवलेत आणि भांगात टाळूची कातडी दिसतेय. बरेच जण सवयीने हा सीम कपाळाच्या केसांपर्यंत ओढतात, दाट मोकळ्या केसांत ते खपतं, हिच्या भांगात खपणार नाही. सीमच्या अंबाड्याखालच्या टोकाशी ताण उरला तर तिथून दोन्ही बाजूंना कानामागे उतरणाऱ्या आडव्या फांद्या दे, त्या केसांतच राहतील. कान डोक्याला चिकटतो त्या मागच्या खाचेत एक सीम. हनुवटीखाली, जबड्याच्या सावलीत, मध्यावर एक छोटा उभा सीम, पण हनुवटीच्या टोकाच्या अलीकडेच संपणारा. ओठांचा सीम ओठांच्या कडेला नको, दोन-तीन लूप आत, तोंडाच्या पोकळीत. पापण्यांचाही आतल्या कडेपलीकडे.

एवढं केल्यावर चेकर लाव आणि नाकाकडे बघ. इथे थांबून नीट समजून घे, कारण वर्गातले निम्मे इथेच फसतात. Average Islands Scale सगळ्या आयलंडांचं सरासरी माप सारखं करतं. सरासरी. एकाच आयलंडच्या आत कुठे दाटी आणि कुठे विरळ आहे, त्याला ते हात लावत नाही. नाक पुढे आलेलं असतं, त्याचा पृष्ठभाग त्याच्या पायाच्या घेरापेक्षा खूप जास्त, आणि चेहरा सपाट करताना तो सगळा त्या छोट्या घेरात दाबला जातो. Angle Based पद्धत कोन जपते, म्हणून नाकावरचे चौकोन चौकोनीच राहतात आणि तू ‘सगळं बरोबर आहे’ म्हणून पुढे जातोस. नुसता आकार नको, त्यांची मापं बघ! नाकपुडीच्या बाहेरच्या बाजूला चौकोन गालावरच्या दीडपट मोठे आहेत. चौकोन मोठा म्हणजे तिथे टेक्स्चर कमी. आणि तुझ्या आजीला नथ आहे. सगळ्यांचे डोळे जिथे जाणार, नेमकी तिथेच कातडी विरळ.

शिंपी ब्लाउजला टक्स घालतो आणि सपाट कापडाला उठाव देतो. तुला उलट करायचंय, उठाव असलेल्याला सपाट होण्यासाठी टक्स द्यायचाय, आणि तो दिसणार नाही अशा जागी. नाकाला ती जागा नाकपुडीच्या आत आहे. आतल्या कडेने गोल सीम दे, नाकपुडीची आतली पोकळी वेगळी काढ. नाकाच्या पंखाला पसरायला जागा होते. मग चेहऱ्याच्या आयलंडची बाहेरची कड पिन करून Minimize Stretch चालव, किंवा तुझ्याकडे ब्लेंडर ४.३ किंवा पुढचं असेल तर अनरॅपमध्येच Minimum Stretch पद्धत निवड, ती कोनाबरोबर क्षेत्रफळाचाही विचार करते. यूव्ही एडिटरच्या ओव्हरलेमध्ये Display Stretch चालू करून Area वर ठेव आणि रंग बघत काम कर. नाक पूर्ण निळं होणार नाही. गाल आणि नाक यांच्यातला फरक डोळ्याला कळेनासा झाला की थांब. त्यासाठी नाकावर बाहेरून सीम टाकायचा नाही, थोडा ताण राहिला तरी चालेल.

हातांचं सांगते, आणि हे तू वहीत लिहून घे. स्वतःचा हात समोर धर. तळहाताची कातडी आणि पालथ्या हाताची कातडी वेगळी असते. तळव्यावर केस नाहीत, रेषा दाट, आणि आपल्यासारख्या सावळ्या माणसांत तळव्याचा रंग उजळ असतो. दोन्ही कातड्या मिळतात ती सीमा बोटांच्या कडेने जाते, आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसते. सीम त्या सीमेवर टाकायचा. तिथे रंग आणि पोत मुळातच बदलतो, त्यामुळे थोडी चूक राहिली तरी ती शरीराचीच खूण वाटते.

त्याची वाट अशी. कोपराच्या टोकाशी सुरुवात कर, हात खाली सोडल्यावर मागे राहणाऱ्या हाडाच्या कडेने मनगटापर्यंत ये, तिथून करंगळीच्या बाहेरच्या कडेने वर जा. बोटाच्या टोकाला नखाच्या खालून वळ, नखाला शिवायचं नाही. मग बोटाच्या आतल्या कडेने खाली, बेचक्यातून पुढच्या बोटावर, असं तर्जनीपर्यंत. तर्जनीच्या अंगठ्याकडच्या कडेवर सीम जरा तळव्याकडे सरकव, कारण तुझ्या शॉटमध्ये नेमकी तीच कड कॅमेऱ्यासमोर आहे. अंगठ्याशी सावध राहा. तो बाकीच्या बोटांच्या मानाने जवळजवळ काटकोनात वळलेला असतो, त्याचं नख बाजूला बघतं. बाकी बोटांची दिशा धरून तिथे सीम ओढलास तर तो नखावरून जाणारच, आणि आत्ता तसाच गेलाय. अंगठ्याच्या स्वतःच्या कडा शोध. तिथून अंगठ्याच्या मुळाला वळसा घालून तळव्याच्या बाजूची मनगटाची घडी पकड आणि पुन्हा करंगळीच्या कडेला येऊन मिळ. झालं. तळवा हे एक आयलंड आणि पालथा हात कोपरापर्यंतच्या हातासकट दुसरं. चाळीसचे दोन.

पालथ्या हाताला आणि त्यापुढच्या हाताला जोडूनच ठेवायचं, मनगटावर पालथ्या बाजूने आडवं कापायचं नाही. मला माहीत आहे, तू म्हणणार, बाई, मनगटात बांगड्या आहेत, सीम त्यांच्याखाली लपेल. लपणार नाही. आजीने हात गालाशी नेला की बांगड्या घसरून कोपराकडे जातात. तू स्वतः ते अ‍ॅनिमेशन केलंयस! स्थिर चित्रात लपतं ते हलत्या चित्रात उघडं पडतं. दागिन्यांच्या भरवशावर सीम टाकायचा असेल तर तो दागिना जागचा हलत नाही याची खात्री हवी. गळ्याची ठुशी मानेला घट्ट बसते, तिच्याखाली मानेचा आडवा सीम चालेल. बांगडीखाली चालणार नाही.

याच कारणाने डेन्सिटी बदलायची जागाही मनगट नाही. सगळ्या शरीराला एकच डेन्सिटी द्यावी असा माझा हट्ट नाही. नऊवारीखाली पोटऱ्या आणि पावलं दिसतात, ती कॅमेऱ्यापासून लांब आहेत, त्यांना वेगळं २०४८चं शीट दे, सेंटिमीटरला चाळीसच्या आसपास मिळतील आणि ते पुरे. कापडाखालचं शरीर काढूनच टाक. पण चेहरा, मान, हात कोपरापर्यंत, हे सगळं एकाच मापाचं. दंडाची जी कातडी बाहीखालून डोकावते ती खालच्या हाताला जोडूनच घे आणि बदल बाहीच्या आत जाऊ दे. डोकं-मान १३५०, हात ७५०, कोपरापर्यंतचे हात सुमारे ९००, मिळून ३००० चौरस सेंटिमीटर. शीटची सत्तर टक्के जागा भरली असं धर:

```
4096 × √(0.70 ÷ 3000) ≈ 62.6 px/cm
```

चेहरा ७९वरून ६३वर येतो, पडद्याला लागतात ३६. कुणालाही फरक कळणार नाही. हात २१वरून ६३वर जातात, गोंदणाच्या रेघेला सहा पिक्सेल मिळतात. शीटवर डोक्याचा वाटा निम्म्यावरून साडेएकतीस टक्क्यांवर येईल आणि हातांचा दोनावरून साडेसतरावर. हातांची आयलंडं बघून तुला वाटेल की फार मोठी झाली. त्यांचं माप तेवढंच आहे, लहान करायला जाऊ नकोस. क्रम असा: सगळी आयलंडं निवड, Average Islands Scale, मग Pack Islands. पॅक करताना सगळी एकाच प्रमाणात लहान-मोठी होतात, प्रमाण बिघडत नाही. त्यानंतर एकाही आयलंडला स्वतंत्रपणे S दाबून हात लावायचा नाही.

जागा वाचवायला दोन्ही हात एकावर एक ठेवायचा मोह होईल. आजीच्या उजव्या हातावर नाव गोंदलंय. ते डाव्या हातावर उलट्या अक्षरांत उमटेल. हात वेगळेच ठेव.

मार्जिनचं थोडक्यात. बेक करताना आयलंडच्या कडेबाहेर १६ पिक्सेल रंग पसरू दे आणि दोन आयलंडांत त्याच्या दुप्पट अंतर ठेव. पात्र लांब गेलं की टेक्स्चरची लहान आवृत्ती वापरली जाते, आणि प्रत्येक पायरीला ते १६ निम्मे होतात: ८, ४, २, १. म्हणजे चौथ्या पायरीपर्यंत शेजारचा रंग आत झिरपत नाही. तू दोन पिक्सेल ठेवलेस, म्हणून लांबच्या शॉटमध्ये तिच्या कानामागे काळी रेघ चमकते.

आणि तपासणी टी-पोजमध्ये करून मला दाखवू नकोस. Color Grid ची इमेज लाव, त्यावर अक्षरं आणि आकडे असतात, त्यामुळे आयलंड उलटं पडलं असेल तर तेही कळतं. मग पात्राला शॉटमधल्या पोजमध्ये आण, हात गालावर टेकव, आणि बोटाजवळचा चौकोन गालावरच्या चौकोनाशी ताडून बघ. मूठ वळव, बेचक्यांत सीम बाहेर येतो का बघ. त्यानंतर रंग काढून टाक, कातडी थोडी चकचकीत कर आणि दिवा बाजूने फिरव. रंगात लपलेला सीम चकाकीत उघडा पडतो, कारण नॉर्मल मॅपमधली छोटीशी विसंगती सुद्धा प्रकाश वाकवते. रेघ दिसली तर सबस्टन्समध्ये जाऊन ती रंगाने बुजवायची नाही. आधी बेकचं बघ, मग त्या जागच्या डेन्सिटीचं, आणि सीमची जागाच चुकली असेल तर परत अनरॅप.

हो, परत. तू रंगवलेलं टेक्स्चर नव्या यूव्हीवर बेक करून आणता येईल, चेहऱ्याचं बरंचसं वाचेल. हातांचं वाचणार नाही, कारण तिथे वाचवण्याइतके पिक्सेल मुळात नव्हतेच. गोंदण नव्याने काढावं लागेल. वाईट वाटतंय ते मला दिसतंय, पण ही आजी तू तुझ्या आजीवरून केलीस असं तूच सांगितलं होतंस, आणि त्या बाईंच्या हातांना दोन टक्के जागा मी चालवून घेणार नाही.

गुरुवारी सकाळी मला दोन चित्रं हवीत: शॉटच्या पोजमध्ये चेकर लावलेली, आणि चकचकीत करड्या कातडीवर बाजूचा दिवा टाकलेली. टेक्स्चर लावलेलं एकही आणू नकोस. आता ऊठ, Scale अप्लाय कर, आणि पहिला सीम मानेच्या मागून माझ्यासमोर टाक.